बांधाच्या पलीकडचा माणूस: नायकाशेजारी जोडपात्र कसे उभे करावे

खानदेशातल्या नव्या लेखकांच्या कथा वाचताना एक जोडी पुन्हा पुन्हा भेटते. एक भाऊ कष्टाळू, दुसरा दारुडा. एक गावात राहून आईबापाला सांभाळणारा, दुसरा पुण्याला जाऊन फोनही न करणारा. लेखकाला वाटते की विरोध चांगला उभा राहिला. वाचकाला मात्र दोघांविषयी नवे काहीच कळलेले नसते, कारण दारुड्याशेजारी उभा केला तर कोणीही कष्टाळूच दिसतो. असा दुसरा भाऊ कथेत फक्त पहिल्याला गुण देण्यापुरता असतो.

समीक्षेत ज्याला फॉइल म्हणतात, त्या पात्राचे काम वेगळे असते. ते नायकासारखेच असते. त्याच घरातले, त्याच अडचणीत सापडलेले, बहुतेक गोष्टींत नायकाइतकेच भले किंवा बुरे. फक्त एका ठिकाणी ते वेगळे वळते, आणि त्या वळणामुळे नायकाच्या वागण्यामागे काय होते ते आपल्याला दिसते. त्याच वेळी त्या पात्राच्या वागण्यामागचे कारणही दिसते. मी इथे त्याला जोडपात्र म्हणतो. ते खलनायक नसते. खलनायक नायकाला अडवतो, जोडपात्राने तसे काही करायची गरज नसते. ते नुसते मित्रही नसते, कारण मित्र कथेतून काढला तरी नायक बहुधा तसाच राहतो.

हे कसे जमवायचे, ते मी एका कथेचा आराखडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधत सांगतो. कथा चोपडा तालुक्यातल्या, तापीकाठच्या एका गावातली आहे. गोकुळ आणि प्रल्हाद हे चुलत भाऊ. दोघांची तीन-तीन एकर केळी, मध्ये एकच बांध. नायक गोकुळ आहे.

आधी साम्य लिहून काढा

फरक नंतर सुचतो. पहिल्या बैठकीत कागदावर फक्त दोघांत सारखे काय आहे तेवढेच लिहा, आणि किमान पानभर लिहा. गोकुळ आणि प्रल्हाद एकाच आजोबांच्या वाड्यात वाढले. दोघांनी जूनमध्ये मृगबाग लावली, एकाच नर्सरीची टिश्यू कल्चरची रोपे, पाच बाय पाच फुटांवर, म्हणजे एकरी सुमारे १,७०० झाडे. तीन एकरांत ५,१०० गोकुळची आणि तेवढीच प्रल्हादची. दोघांवर गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज आहे. दोघेही पहाटे उठून ठिबकच्या नळ्या तपासतात, दोघांनाही बाग जीव की प्राण आहे. दोघे घरात अहिराणी बोलतात. प्रल्हाद चार वर्षांनी मोठा, म्हणून गोकुळ त्याला दादा म्हणतो.

एवढे साम्य कशासाठी? कारण दोन माणसांत दहा फरक असले, तर त्यांच्या वेगळ्या वागण्याचे कारण कोणते ते वाचकाला ठरवता येत नाही. एक श्रीमंत, दुसरा गरीब. एक शिकलेला, दुसरा अडाणी. एक तरुण, दुसरा म्हातारा, असे सगळे एकदम केले की कोणताही निर्णय कोणत्याही कारणावर ढकलता येतो. नऊ गोष्टी सारख्या असल्या की दहाव्या गोष्टीवर नजर आपोआप जाते.

कर्ण आणि अर्जुन ही आपल्याकडची सर्वांत पक्की जोडी याच पायावर उभी आहे. दोघे कुंतीचे मुलगे, दोघे देवांपासून झालेले, दोघे धनुर्धर. शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात अर्जुनाने जे जे करून दाखवले, ते सगळे कर्ण करून दाखवतो. कौशल्यात फरक नाही, हे महाभारत आधी सर्वांसमोर सिद्ध करून घेते. मगच कृपाचार्य कर्णाला कुळ विचारतात. आधी साम्य, मग एकच प्रश्न. हा क्रम उलटा असता, कर्ण आधी सूतपुत्र म्हणून आला असता आणि मग त्याचे कौशल्य कळले असते, तर आपण त्याच्याकडे कौतुकाने पाहिले असते, पण अर्जुनाकडे पाहून अस्वस्थ झालो नसतो.

मग एकच फरक, आणि तो स्वभावाचा नको

इथे बहुतेक जण घसरतात. शांत आणि तापट, बोलका आणि अबोल, दिलदार आणि कंजूष असे फरक लिहायला सोपे असतात, पण त्यांतून प्रसंग निर्माण होत नाही. तापट माणूस तापतो, शांत माणूस शांत राहतो, पुढे काय? फरक असा हवा की तो माणसाला निर्णय घ्यायला लावेल. माझ्या अनुभवात सर्वांत कामाचा फरक म्हणजे माणूस कशावर विसंबतो, हा.

आपल्या कथेत गोकुळ डोळ्यांवर विसंबतो. जे दिसते आणि जे शब्दाने ठरते, ते त्याला पुरते. प्रल्हाद कागदावर विसंबतो. सही, नोंद, पावती असल्याशिवाय त्याला कोणतीही गोष्ट झाली असे वाटत नाही.

आता याचे मूळ शोधा, आणि ते दोघांच्या सामाईक भूतकाळात शोधा. आजोबांनी वाटणी तोंडी केली होती. बांध कुठे, विहिरीचे पाणी कोणाला किती वार, सगळे ओसरीवर बसून शब्दाने ठरले. पुढे सातबाऱ्यावर नोंद करायची वेळ आली तेव्हा बांधालगतची एक पट्टी गोकुळच्या वडिलांच्या नावावर चढली. कोणी मुद्दाम केले नव्हते, पण प्रल्हादच्या वडिलांकडे दाखवायला कागद नव्हता. ते मरेपर्यंत त्या पट्टीकडे बघत राहिले. प्रल्हादने त्यातून एक धडा घेतला. गोकुळच्या घरात तीच घटना वेगळी सांगितली जाते: आजोबांच्या शब्दावर सगळे सुरळीत पार पडले, भांडण झाले नाही.

एकाच घटनेतून दोन धडे निघाले. या टप्प्यावर एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती आली की आराखडा बरोबर चालला आहे असे समजा. गोकुळचा शब्दावरचा विश्वास हा त्याचा गुण आपण मानत होतो. पण शब्दाने त्याचे नुकसान कधी झालेलेच नाही. नायकाच्या गुणाखाली दडलेली सोय जोडपात्राच्या जखमेमुळे उघडी पडली. कथा अजून सुरूही झालेली नाही.

दोघांना तोच प्रश्न विचारा

जोडपात्राचे खरे काम इथे सुरू होते. नायकाला जो प्रश्न पडणार, तोच जोडपात्रालाही पडला पाहिजे. त्यासारखा दुसरा चालणार नाही.

श्रावण लागला. ढगाळ हवा, रिमझिम. दोन महिन्यांच्या केळीच्या पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले. कुकुंबर मोझॅक विषाणू, गावात सगळे सीएमव्हीच म्हणतात. यावर औषध नाही. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, म्हणून रोगट झाड दिसले की मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन पुरायचे किंवा जाळायचे, आणि माव्यासाठी फवारणी घ्यायची. उशीर केला तर शेजारची झाडे जातात, मग शेजारच्याची बागही.

त्याच आठवड्यात गावात कुजबुज सुरू होते की सरकार मदत देणार, पंचनामे होणार. उपटून टाकलेले झाड पंचनाम्यात दाखवणार कसे? मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर चालतील का, हे कोणी छातीठोक सांगत नाही. प्रश्न तयार झाला: आज झाड उपटायचे, की पंचनाम्याची वाट पाहायची?

गोकुळ पहिल्याच दिवशी ३५० झाडे उपटतो. प्रल्हाद थांबतो. "डोळाले दिसस ना दादा, मंग कागद कसाले?" गोकुळ विचारतो. प्रल्हाद उत्तर देत नाही, कृषी सहायकाला पुन्हा फोन लावतो.

बहुतेक लेखक इथेच थांबतात. गोकुळ चांगला, प्रल्हाद लोभी, कथा संपली. म्हणून या प्रसंगातले तीन तपशील सोडायचे नाहीत. एक म्हणजे, प्रल्हादकडे थांबायचे पुरेसे कारण हवे, आणि ते वाचकाला पटायला हवे. त्याची मुलगी जळगावला नर्सिंगला आहे, फीचा हप्ता दिवाळीआधी भरायचा आहे. गोकुळची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, दर महिन्याला पगार येतो. साम्याच्या यादीत हा फरक नव्हता, तो कथा लिहिताना आत येतो. त्याने दोघांच्या विश्वासातला मूळ फरक बदलत नाही, पण तो विश्वास पाळायला प्रत्येकाला किती किंमत पडते हे त्यातून कळते. हे सांगायला वाक्य नको. गोकुळची बायको संध्याकाळी शाळेतून येऊन मोबाइलवर पगाराचा मेसेज बघते, एवढे पुरे.

दुसरे, जोडपात्राच्या निर्णयाची झळ नायकाला बसली पाहिजे. प्रल्हादच्या बागेतला मावा बांध ओलांडतो. महिनाभरात गोकुळला बांधालगतची आणखी २५० झाडे उपटावी लागतात. एकूण ६००. आता गोकुळच्या मनात एक हिशेब सुरू होतो, तोंडाने तो काही बोलत नाही. हा हिशेब पुढे लागणार आहे.

तिसरे, जोडपात्राला त्याच्या निर्णयाचे फळ मिळते तेही दाखवा, पण शिक्षा म्हणून नको. पंचनामा होत नाही. तीन आठवड्यांत प्रल्हादची १,३०० झाडे रोगट होतात. ती उपटायचीही आता त्याला हिंमत होत नाही. ती खुजी, फाटक्या पानांची उभी राहतात, त्यांना घड येणार नाही. यावर लेखकाने भाष्य करू नये. एका पात्राला चुकीची फळे देऊन दुसऱ्याला बरोबर ठरवायचा मोह इथे फार जोरात होतो.

पुन्हा महाभारताकडे पाहा. कर्ण आणि अर्जुन दोघांनाही एकच प्रश्न पडतो: समोर आपल्याच रक्ताची माणसे आहेत हे माहीत असताना शस्त्र उचलायचे का? आणि दोघांशी त्याबद्दल बोलणारा एकच आहे, कृष्ण. उद्योगपर्वात तो कर्णाला सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा, पांडवांकडे ये. कर्ण नाही म्हणतो. राधा आणि अधिरथाने वाढवले, दुर्योधनाने जवळ केले, हे तो सोडू शकत नाही. आणि पांडवच जिंकणार हे आपल्याला दिसते आहे, असेही तोच सांगतो. पुढे भीष्मपर्वात अर्जुन दोन सैन्यांच्या मध्ये धनुष्य टाकतो, आणि तोच कृष्ण त्याला लढायला उभे करतो. जिंकणार त्याला शंका येते, हरणार हे ज्याला माहीत आहे तो डगमगत नाही. अर्जुनाचे कुळातले स्थान कधीच पणाला लागलेले नव्हते, म्हणून त्याला थांबून शंका घेता येते. कर्णाला जगात एकच जागा मिळाली होती, शंका घेतली की तीही गेली. अर्जुनाचा विषाद आणि कर्णाचा ठामपणा या दोन्हींचा अर्थ एकमेकांमुळे बदलतो. आणि हे कोणतेही पात्र बोलून दाखवत नाही.

प्रश्न फिरवा: तोच फरक एकदा हरला पाहिजे

माझ्या मते संपूर्ण कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि हीच बहुतेक कथांत नसते. पहिल्या प्रसंगात डोळ्यांवर विश्वास ठेवणारा बरोबर ठरला. आता असा प्रसंग हवा, जिथे कागदावर विश्वास ठेवणारा बरोबर ठरेल. स्वभाव बदलायचे नाहीत. दोघे आपापल्या विश्वासाने तसेच वागतील, फक्त जमीन बदलेल.

मृगबाग अकरा-बारा महिन्यांनी कापणीला येते. मे संपता संपता घड लोंबत आहेत, व्यापारी येऊन बाग बघून गेला आहे, आणि एका संध्याकाळी पश्चिमेकडून वादळ येते. घडांच्या भाराने झाडे मधूनच मोडतात. सकाळी गोकुळच्या ४,५०० झाडांपैकी २,००० आडवी. प्रल्हादची १,७०० आडवी. त्याची १,३०० रोगट झाडे मात्र उभीच आहेत. त्यांना घड नव्हते, म्हणून वाऱ्याने त्यांचे काही बिघडवले नाही. ती बिनकामाची आहेत, पण पडलेली नाहीत.

या वेळी पंचनामा खरोखरच होतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. पडलेल्या झाडांचा आकडा लिहायचा आहे, सगळी झाडे मोजत बसायला वेळ नाही, शेतकऱ्याने सांगितलेला आकडा अंदाजाने बघून लिहिला जातो.

"आप्पा, सव्वीसशे लिखा," गोकुळ तलाठ्याला म्हणतो.

सव्वीसशे कुठून आले ते वाचकाला लगेच कळते. २,००० पडलेली आणि ६०० श्रावणात उपटलेली. गोकुळच्या दृष्टीने हे खोटे नाही. ती झाडे त्याची होती, त्याने ती सर्वांच्या बागा वाचाव्यात म्हणून उपटली, तेव्हा कोणी विचारले नाही. आता हिशेब पुरा होतो आहे. त्याने डोळ्यांनी पाहिलेले नुकसान खरे आहे, कागदावर ते कुठल्या रकान्यात बसते याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

मग तलाठी बांध ओलांडतो. प्रल्हाद म्हणतो, "सतराशे पडली आहेत. उभी आहेत त्यांतली तेराशे मोजू नका, त्यांना आधीपासून रोग होता." कोणी त्याला विचारलेले नव्हते. कृषी सहायक एकदा वर बघतो. मुलीची फी अजूनही आहे.

आता मागे वळून पहिला प्रसंग वाचा. श्रावणात प्रल्हाद थांबला, तेव्हा तो मदतीच्या पैशासाठी थांबला असे वाटले होते. पैशाचाच लोभ असता, तर आज १,३०० झाडे लिहून घेणे किती सोपे होते. तो कागदाला घाबरतो आणि कागदाला मानतोही. त्याच्या वडिलांना ज्याने बुडवले, त्याच गोष्टीशी तो खोटे वागू शकत नाही. गोकुळकडेही पुन्हा पाहा. श्रावणातले त्याचे उपटणे खरेच चांगले होते, ते खोटे ठरत नाही. पण त्याने तो त्याग आतल्या आत उधारीवर लिहून ठेवला होता, हे आज कळते. जो माणूस कागद लागत नाही म्हणत होता, त्याच्याच मनात वही होती.

जोडपात्र दोघांविषयी काय सांगते, ते असे. नायकाचे गुण पुसले जात नाहीत आणि जोडपात्राचे दोष धुतले जात नाहीत. प्रल्हादमुळे गोकुळची २५० झाडे गेली, ती गेलीच.

लिहिताना ही पायरी जमली की नाही, हे ओळखायची एक खूण आहे. दुसऱ्या प्रसंगानंतर वाचकाला पहिला प्रसंग पुन्हा वाचावासा वाटला, तर ती जमली. दुसरा प्रसंग फक्त "बघा, गोकुळही काही धुतल्या तांदळासारखा नाही" एवढेच सांगत असेल, तर नाही जमली. तेव्हा बहुधा असे झालेले असते की नायकाला दोष चिकटवला, पण तो दोष त्याच्या गुणातून निघालेला नाही. गोकुळने वादळानंतर दारू पिऊन बायकोला मारले असते, तर तोही दोषच झाला असता, पण त्याचा डोळ्यांवरच्या विश्वासाशी काही संबंध नव्हता.

समोरासमोर आणा, पण वाद घालू देऊ नका

दोघांना एका ठिकाणी बसवणारा प्रसंग हवा. खानदेशात त्यासाठी कानबाईसारखी दुसरी जागा नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद एकत्र येतात, आणि रोट भाऊबंदकीतच खाल्ले जातात. बोलणे बंद असले तरी त्या दिवशी एका पंगतीला बसावे लागते. आपल्या कथेत हा रविवार नेमका सीएमव्हीच्या दिवसांत येतो. गोकुळची बांधालगतची झाडे जायला लागली आहेत आणि दोघे शेजारी बसून रोट खात आहेत.

इथे दोघांच्या तोंडी आपापले तत्त्वज्ञान घालायचा मोह आवरा. "तुझा विश्वास कागदावर, माझा माणसावर" असे वाक्य एकाही पात्राने म्हटले की जोडी तिथेच मेली. वाचकाने शोधायची गोष्ट लेखकाने हातात ठेवली. या पंगतीत गोकुळ मीठ मागतो, प्रल्हाद ते सरकवतो, आणि आपल्या दिशेने असलेल्या गोकुळच्या हातावर चिकाचे काळपट डाग आहेत ते बघतो. केळी उपटणाऱ्याच्या हाताला ते पडतातच. प्रल्हादच्या हातावर ते नाहीत. बस्स.

बोलीबद्दल एक गोष्ट, कारण आपल्याकडच्या कथांत ती फार चुकते. नायकाला प्रमाण मराठी आणि दुसऱ्याला अहिराणी देऊन फरक दाखवू नका. उलटही करू नका. एका वाड्यात वाढलेली दोन माणसे एकच बोली बोलतात, आणि वाचकाला ते लगेच खटकते. फरक दाखवायचा तर कोणासमोर कोण भाषा बदलतो त्यात दाखवा. वर पंचनाम्यात गोकुळ तलाठ्याशीही अहिराणीतच बोलला. प्रल्हाद घरात तीच बोलतो, पण सरकारी माणसासमोर त्याची भाषा पुस्तकी होते, जणू बोललेले शब्दही नोंदवले जाणार आहेत. पात्राचा मूळ फरक भाषेतून आला, वेगळे काही चिकटवावे लागले नाही.

क्रम आणि जागा

कोणाचा निर्णय आधी दाखवायचा? नायकाचा आधी दाखवला की जोडपात्र त्याच्या मापाने मोजले जाते. जोडपात्राचा आधी दाखवला की नायकाकडून अपेक्षा वाढते. मी एक साधा नियम पाळतो: पहिल्या प्रसंगात नायक आधी, दुसऱ्या प्रसंगातही नायकच आधी. म्हणजे श्रावणात आपण प्रल्हादला गोकुळच्या मापाने मोजतो, आणि वादळानंतर गोकुळचा २,६०० चा आकडा ऐकून झाल्यावरच प्रल्हादचे १,७०० ऐकू येतात. दुसऱ्या वेळी क्रम उलटवला असता आणि प्रल्हाद आधी खरे बोलला असता, तर गोकुळ जाणूनबुजून खोटे बोलणारा झाला असता. क्रमामुळे पात्राचा गुन्हा लहान-मोठा होतो, हे लक्षात ठेवा.

जागेचे म्हणाल तर दहा पानांच्या कथेत जोडपात्राला अडीच-तीन पाने पुरतात. त्याहून जास्त दिली की दोन नायकांची कथा होते. ती वेगळी आणि चांगली गोष्ट असू शकते, पण मग निवेदनाचा सगळा तोल पुन्हा बसवावा लागतो. कमी दिली तर प्रल्हादच्या मुलीची फी आणि त्याच्या वडिलांची पट्टी यांतले काहीतरी गळते, आणि तो परत नुसता आडमुठा होतो.

निवेदन गोकुळच्या नजरेतून असेल तर आणखी एक फायदा मिळतो. गोकुळ प्रल्हादला चुकीचा समजू शकतो, आणि वाचकाला ते गोकुळच्या आधी कळू शकते. यासाठी गोकुळच्या नजरेला पडणारे तपशील असे निवडा की त्याला त्यांचा अर्थ लागत नाही, पण वाचकाला लागतो. प्रल्हाद बाजारातून आणलेल्या प्रत्येक पिशवीची पावती कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. गोकुळला ते चिक्कूपणाचे वाटते. तो डबा प्रल्हादच्या वडिलांचा आहे, हे कुठेतरी जाता जाता आलेले असते.

लिहून झाल्यावर तपासणी

पहिला मसुदा आठवडाभर बाजूला ठेवा, मग तीन गोष्टी करून पाहा.

जोडपात्र पूर्ण काढून टाका आणि कथा मनात चालवा. गोकुळ झाडे उपटतो, वादळ येते, तो आकडा फुगवतो. कथा चालते, पण शेवटी गोकुळ एक सामान्य लबाड माणूस होतो. म्हणजे प्रल्हाद कथेत काम करतो आहे. काढल्यावर नायक तसाच राहिला, तर ते पात्र निव्वळ सोबतीला होते.

मग दोघांचे निर्णय अदलाबदल करा. प्रल्हादने श्रावणात उपटले असते आणि गोकुळने वाट पाहिली असती, तर? प्रत्येकाच्या भूतकाळाला ते शोभते का? शोभत असेल, तर तुमचा एकच फरक अजून पक्का झालेला नाही, मूळ घटनेकडे परत जा. आपल्या कथेत ते शोभत नाही. ज्याच्या वडिलांची पट्टी कागदाअभावी गेली, तो पंचनाम्याआधी झाड उपटणार नाही.

शेवटी फक्त जोडपात्राची पाने वेगळी काढून सलग वाचा, जणू नायक तोच आहे. यात खालच्या गोष्टी सापडतात: जोडपात्र प्रत्येक वेळी नायकाच्या कृतीला उत्तर म्हणूनच वागते आहे का, त्याला स्वतःची सकाळ आहे का, त्याच्या घरात नायकाचा उल्लेख न होता कोणी काही बोलते का. माझ्या हातात येणाऱ्या मसुद्यांत इथेच सर्वांत जास्त दुरुस्ती लागते. प्रल्हादच्या पानांत मी एक प्रसंग वाढवीन. रात्री मुलीचा फोन येतो, ती बागेचे विचारते, तो म्हणतो बरी आहे. फोन ठेवून तो टॉर्च घेऊन बागेत जातो आणि पिवळ्या पट्ट्यांची झाडे मोजतो, वहीत आकडा लिहितो, तारीख घालतो, खाली स्वतःची सही करतो. या प्रसंगात गोकुळ कुठेच नाही. पंचनाम्याच्या दिवशी प्रल्हादला आपल्या रोगट झाडांचा आकडा तोंडपाठ कसा, हे यातून आपोआप जुळते, आणि ते वेगळे सांगावे लागत नाही.